आईचा हात थरथरतो, बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं : मोठ्या बटणांचा रिमोट ठेवावा की आवाजावर चालणारं काही घ्यावं?

वैशाली_मिरज

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची आहे. नऊ वर्षांपासून हात थरथरतात. डॉक्टरांनी कंपवात नाही, इसेन्शियल ट्रेमर आहे असं सांगितलंय आणि प्रोप्रॅनोलॉलची गोळी चालू आहे. हात मांडीवर असले की अगदी शांत असतात. काही उचलायला, लावायला, दाबायला गेली की थरथर सुरू होते, आणि बोट त्या वस्तूच्या जितकं जवळ जाईल तितकी वाढते. तिने तीस वर्षं घरी ब्लाऊज शिवले, सुई ओवायला तिला कधी चष्मा लागला नाही. आता उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून चहा पिते.

ती दादा-वहिनीकडे असते. दोघंही नऊला बाहेर पडतात ते सहाला येतात. घरात ३२ इंची साधा एलईडी टीव्ही आहे, स्मार्ट नाही, त्याला डिशचा सेट टॉप बॉक्स आणि दोन रिमोट. परवा मी दुपारी गेले तर टीव्हीवर वस्तू विकणाऱ्यांचा चॅनल चालू. म्हटलं, हे काय बघतेस? तर म्हणाली, "लागलंय ते बघतेय." वहिनी सकाळी जे लावून जाते ते संध्याकाळपर्यंत तसंच असतं. मध्ये चुकून काही दाबलं गेलं तर ते लागून राहतं, कारण परत येता येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी मोठ्या बटणांचा रिमोट मागवला, ६५० रुपयांना मिळाला. बटणं रुपयाच्या नाण्याएवढी आहेत. जुन्या रिमोटसमोर धरून दादाने तो शिकवून घेतला. बटणं दिसतात छान, पण आईला १२०३ लावायचं असतं तेव्हा २ दोनदा लागतो आणि बॉक्स १२२० वर जातो. हा परत करावा आणि आवाजावर चालणारं काही घ्यावं का? आई मराठी बोलते, हिंदी समजतं आणि मोडकंतोडकं बोलते.

अनिकेत_डोंबिवली

ताई, बटणांच्या भानगडीत पडूच नका. टीव्हीच्या मागे लावायची स्टिक मिळते, तिच्या रिमोटला माइक असतो. बोललं की लागलं, थरथर असो नसो. आणि दोन रिमोट नको असतील तर शिकणारा रिमोट कुठल्याही रिमोटची नक्कल करतो, त्यामुळे घरभराला एकच पुरतो. माझ्या सासऱ्यांकडे असंच केलंय.

तारवाला

वैशालीताई, कोल्हापुरात २६ वर्षं टीव्ही दुरुस्ती करतोय, म्हणून लिहितो. परत करायची घाई नको. आधी एक काम करा. आईच्या शेजारी बसा, तिला वीस वेळा बटण दाबायला सांगा आणि कागदावर खुणा करा. बरोबर लागलं, एकच बटण दोनदा लागलं, शेजारचं लागलं, की बटण दाबलेलंच राहिलं? यातले शेवटचे तीन वेगवेगळे बिघाड आहेत आणि तिन्हींचे इलाज वेगळे. बटण मोठं केल्याने फक्त शेजारचं बटण लागणं कमी होतं. दोनदा लागणं त्याने कमी होत नाही. उलट मोठं रबरी बटण हलकं असेल तर वाढतंही.

आणखी एक बघा, दाबताना रिमोट कुठे असतो? हातात, मांडीवर की टेबलावर?

अनिकेतराव, तसल्या बऱ्याच माइकवाल्या रिमोटांचं बटण बोलून होईपर्यंत दाबून धरावं लागतं. तीन-चार सेकंद बोट न हलवता दाबून ठेवणं या माणसांना सगळ्यात अवघड. मध्येच बोट सुटलं की वाक्य अर्धं तुटतं. हात न लावता चालवायचं असेल तर वेगळा स्पीकर लागतो, नाहीतर ज्याचा माइक सतत ऐकत असतो असा टीव्ही.

सुलभा_नागपूर

आमच्याकडे ह्यांना कंपवात आहे, आठ वर्षं झाली. आमचा त्रास उलटा आहे हो. ह्यांचा हात नुसता बसलेला असताना हलतो, बटणाकडे नेला की बराच थांबतो. पण बोट बटणावर गेलं की तिथंच राहते, लवकर उचलत नाही. आवाज वाढवायला दाबलं की १५ वरून थेट ६० वर जातो, शेजारचे दार वाजवतात, अन् हे घाबरून आणखीच दाबतात. आवाजावर चालणारं करून पाहिलं, तर ह्यांचा आवाजच आता इतका बारीक झालाय की बाजूला बसलेल्या मलाच दोनदा विचारावं लागते. याला काय करायचं कोणी सांगेल का?

मोहनराव_वाई

माझ्या आईलाही असंच व्हायचं. बटण कुठलं दाबायचं हे लक्षातच राहत नाही या वयात. मी लाल नेलपॉलिशचा ठिपका चालू-बंदवर, हिरवा चॅनलवर लावला आणि बाकी सगळी बटणं काळ्या इन्सुलेशन टेपने झाकून टाकली. नंबरांची एक चिठ्ठी भिंतीवर लावा. रोज उजळणी करून घ्या, आठवडाभरात जमतं.

वैशाली_मिरज

मोहनराव, धन्यवाद, पण आईच्या लक्षात सगळं आहे. चॅनलचे नंबर मलाच तिला विचारावे लागतात. बोट ऐकत नाही, एवढंच. टेपची कल्पना मात्र वापरून बघते.

तारवालादादा, काल मोजलं. वीसपैकी ११ बरोबर, ७ वेळा दोनदा लागलं, २ वेळा शेजारचं. रिमोट ती डाव्या हातात धरते आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने दाबते. बारकाईने बघितलं तेव्हा लक्षात आलं की बोट बटणावर टेकल्यावर थरथर थांबत नाही. तिथल्या तिथे बोट वरखाली होत राहतं, शिलाई मशीनच्या सुईसारखं. बघवत नव्हतं. ती मात्र हसत म्हणाली, "पायडल कुणीतरी मारतंय."

रेणुका_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, रोज हेच काम करते. वैशाली, तुम्ही लिहिलेलं निरीक्षण फार उपयोगाचं आहे. डाव्या हातात रिमोट आणि उजव्या हाताने दाबणं, म्हणजे दोन थरथरणारे हात हवेत एकमेकांना शोधतायत. नेम धरणारा हलतोय आणि नेमही हलतोय. सेकंदाला साधारण चार ते बारा हेलकावे असतात, त्यामुळे एकदा टेकलेलं बोट पाव सेकंदाच्या आत पुन्हा टेकू शकतं. बॉक्सला ते दोन दाब वाटतात, त्याची काही चूक नाही.

मी दोन गोष्टी करायला सांगेन, याच क्रमाने. पहिली, रिमोट हातातून काढा आणि पक्का बसवा. टेबल किंवा जड पाट घ्या, त्यावर वेल्क्रोने रिमोट चिकटवा, पाटाखाली ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी घाला म्हणजे सरकणार नाही. उंची अशी हवी की बसल्यावर कोपर आणि मनगटाची तळहाताकडची बाजू, दोन्ही टेकलेली राहतील. हात हवेत असतो तेव्हा खांद्यापासून बोटापर्यंत सगळाच हलतो. टेकला की हलायला फक्त बोट उरतं. एवढ्यानेच बराच फरक पडलेला मी पाहिलाय.

दुसरी गोष्ट, रिमोटवर भोकं पाडलेली झाकणपट्टी. पट्टी बटणांच्या वर दोन-तीन मिलिमीटर उचललेली असली पाहिजे, बटणाला चिकटून नाही. मग आई हात पट्टीवर टेकवून, घसरत घसरत भोकापर्यंत नेऊ शकते, वाटेत काही दाबलं जात नाही. बोट भोकात उतरवलं तरच बटण लागतं, आणि भोकाची कड बोटाला धरून ठेवते. आधी पुठ्ठ्याची करा, दोन थर चिकटवून. जमलं तर नंबरप्लेट किंवा बोर्ड बनवणाऱ्याकडे लेझर कटिंग असतं, तिथून ३ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकची कापून घ्या. भोक बटणाच्या मापाचं किंवा जेमतेम मोठं ठेवा. मोठं भोक ठेवलं तर पट्टीचा अर्थच उरत नाही.

सुलभाताई, तुमच्याकडे दुसरा प्रश्न आहे, त्यावर सावकाश लिहिते.

तारवाला

रेणुकाताईंनी हाताचं सांगितलं, मी बॉक्सच्या बाजूचं सांगतो. चार आकडे दाबायला लावणं हीच मूळ अडचण आहे. एका आकड्यात चूक व्हायची शक्यता आईच्या हिशेबाने वीसात नऊ. मग चारही आकडे सलग बरोबर पडायला दहातून एकदा जमेल. बॉक्समध्ये आवडीच्या चॅनलची यादी असते, ती भरा. आई पाहते तेवढेच पाच-सहा चॅनल घाला. बऱ्याच बॉक्समध्ये ती यादी चालू केली की चॅनल पुढे-मागेचं बटण त्या यादीतच फिरतं. तुमच्या बॉक्समध्ये फिरतं का ते करून बघा, सगळ्यांत नसतं.

तसं झालं तर आईला पाचच बटणं लागतील. चालू-बंद, चॅनल पुढे, मागे, आवाज वर, खाली. पट्टीला भोकंही पाचच पाडा. आणि मुख्य म्हणजे दोनदा लागलं तरी काय बिघडेल? एक चॅनल ओलांडून पुढचा लागेल. पाचांच्या फेरीत तो पुन्हा येतोच. आज दोनदा लागलं की ती भलतीकडे जाऊन अडकते, तेवढं टळेल.

शिकवतानाची काळजी. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवा. ऊन किंवा सीएफएल दिव्याच्या उजेडात करू नका, त्या उजेडाची भेसळ होते. मूळ रिमोटचं बटण टिचकी मारल्यासारखं दाबून सोडा. दाबून धरलं तर पुढचा पुन्हा-पुन्हाचा सिग्नलही त्यात शिकला जातो आणि मग एका दाबात आवाज तीन पायऱ्या चढतो.

अनिकेतराव, शिकणारा रिमोट कुठल्याही रिमोटची नक्कल करतो हे अर्धं खरं आहे. फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर चालणाऱ्या रिमोटची करतो. ब्लूटूथवाल्याची करता येत नाही. ओळखायची सोपी युक्ती, मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिणगी दिसली तर नक्कल होते. चॅनलचं बटण दाबून बघा, चालू-बंदचं नको. काही रिमोटांत चालू-बंद आणि आवाज उजेडावर चालतात, बाकीची बटणं ब्लूटूथवर, आणि माणूस फसतो.

अनिकेत_डोंबिवली

आत्ताच बघितलं. चालू-बंदला ठिणगी दिसते, बाकी कशालाच नाही. आता कळलं सासऱ्यांकडे नवीन रिमोटवर चॅनल का बदलत नाही. मी समजत होतो शिकवताना माझंच चुकतंय. आणि माइकचं बटण दाबून धरावं लागतं हेही खरं, सासऱ्यांचा हात ठणठणीत आहे म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. चुकीचा सल्ला दिला, माफ करा ताई. पण आता या बॉक्सचं काय करू?

तारवाला

बॉक्सवाल्यांकडे उजेडावर चालणारा साधा रिमोट त्याच बॉक्ससाठी मिळतो का विचारा. काही बॉक्समध्ये पुढे डोळा असतो पण सोबत रिमोट ब्लूटूथचा देतात. डोळा नसेल तर मोठ्या बटणांचा रिमोट त्याला चालणार नाही, माझ्याकडे तरी दुसरा इलाज नाही.

केदार_पर्वरी

आवाजाचा अनुभव सांगतो, कारण आमच्या काकांकडे मी तो सहा महिने चालवतोय. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही साधेच, वैशालीताईंसारखे. पेढ्याच्या खोक्याएवढा, वायफायवर चालणारा रिमोटचा डबा घेतला, हजाराच्या आत मिळाला. तो बॉक्ससमोर ठेवायचा, तो रिमोटसारखाच उजेड फेकतो. फोनवर Smart Life नावाचं अ‍ॅप, त्यात डबा जोडला. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं, राउटर ५ वर असेल तर डबा सापडतच नाही, माझी एक संध्याकाळ त्यात गेली. मग अ‍ॅपमध्ये एकेका चॅनलचा साचा तयार केला: १, थोडं थांब, २, थोडं थांब, ० आणि ३. ते अलेक्साच्या स्पीकरला जोडलं. अलेक्सा इथे हिंदी आणि इंग्रजी घेते, म्हणून भाषा हिंदी ठेवली आणि काकांना दोन-दोन शब्दांची वाक्यं दिली. "समाचार लगाओ", "नाटक लगाओ". फोंड्याचे आमचे काका कोंकणी-मराठीतले, पण एवढं हिंदी जमलं. आकडे दाबण्याचा प्रश्नच संपला.

स्पीकर कुठे ठेवायचा यात मी चुकलो होतो. टीव्हीशेजारी ठेवला, तर टीव्हीच्या आवाजात काकांचं ऐकूच जायचं नाही आणि ते ओरडायचे. आता त्यांच्या खुर्चीच्या उशाशी स्टुलावर आहे, हातभर अंतरावर. डबा टीव्हीपाशी, स्पीकर माणसापाशी.

न सुटलेली अडचण वीज जाण्याची. चालू आणि बंद यांचा सिग्नल एकच असतो. डब्याला कळत नाही की टीव्ही आत्ता चालू आहे की बंद, तो फक्त उलटं करतो. वीज जाऊन आली की आमचा टीव्ही बंद राहतो आणि बॉक्स चालू होतो. मग काका "चालू करो" म्हणतात, टीव्ही चालू होतो आणि बॉक्स बंद. पुन्हा म्हणतात, उलटं होतं. म्हणून मी बॉक्सला हात लावायचाच नाही असं ठरवलं, तो कायम चालू, फक्त टीव्हीच उलटा-सुलटा होतो. बरंच सुधारलं. पण राउटरला परत यायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात काका समजतात सगळं बिघडलं, आणि मला फोन येतो.

रेणुका_ओटी

केदार, छान लिहिलंत. फक्त एक सावधगिरी सगळ्यांसाठी. थरथर फक्त हातातच राहील असं नाही. इसेन्शियल ट्रेमरमध्ये काहींचा आवाजही कापरा होतो, आणि कंपवातात आवाज बारीक होतो, शब्द एकमेकांत मिसळतात. त्यामुळे खर्च करण्याआधी फुकटात तपासा. जिथे स्पीकर ठेवणार तिथे मोबाइल ठेवा, बोलून टाइप करायचा माइक हिंदीत लावा, टीव्ही रोजच्या आवाजावर चालू ठेवा आणि ठरवलेलं वाक्य दहा वेळा बोलायला सांगा. सकाळी एकदा, संध्याकाळी दमल्यावर एकदा. दहातून आठ-नऊ वेळा बरोबर उमटलं तर स्पीकर घ्या. पाच-सहा वेळाच उमटलं तर रोजची चिडचिड विकत घ्याल.

सुलभाताई, आता तुमच्याकडे येते. काकांचं बोट उचलायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्यासाठी दाबून धरलं तरी एकच पायरी चढेल असं काहीतरी हवं. औषधाचा असर असताना आणि उतरल्यावर फरक पडतो का, हेही बघून ठेवा. आणि बारीक आवाजासाठी स्पीच थेरपिस्टकडे व्यायाम असतात, मोठ्याने बोलण्याची सवय लावणारे. ते टीव्हीसाठी नाही, पण घरच्यांशी बोलायलाही लागतील. डॉक्टरांना विचारा.

सुलभा_नागपूर

रेणुकाताई, औषध घेतल्यावर तासाभराने बरंच बरं असते हे खरं आहे. मी पण रिमोट शिकवून पाहिला काल, मुलाने आणून दिला. आवाज अजूनही पळतोच. पण एक नवीनच गोष्ट झाली. १२११ लावायचं तर १२१ एवढंच उमटते, दुसरा १ घेतच नाही. मी स्वतः दाबलं तरी तेच. रिमोट खराब आहे का?

तारवाला

रिमोट खराब नाही. काही बॉक्सच्या मूळ रिमोटात प्रत्येक नव्या दाबाबरोबर सिग्नलमधली एक बारीक खूण उलटते. त्यावरून बॉक्सला कळतं की बोट उचलून पुन्हा दाबलंय, की तेच बटण अजून दाबलेलं आहे. शिकणारा रिमोट फोटो काढल्यासारखा एकच सिग्नल धरून ठेवतो, खूण कायम तीच. म्हणून पटकन दुसरा १ दाबला की बॉक्सला वाटतं बोट उचललंच नाही. पहिला १ दाबल्यावर एक-दीड सेकंद थांबून दुसरा दाबा, बहुधा घेईल. फार थांबलात तर मात्र बॉक्स आकडे संपले असं समजून १२१ वरच जाईल.

गंमत बघा, तुमच्यासाठी जी अडचण, ती वैशालीताईंच्या आईसाठी वरदान ठरली असती. असा बॉक्स असता तर थरथरीचा दुसरा दाब आपोआप गळाला असता. त्यांच्या बॉक्सची पद्धत वेगळी दिसते, म्हणून दोन्ही दाब मोजले जातात.

आवाज ६० वर जाण्यासाठी मी एक डबी करून बघतोय. चार मोठी दाबबटणं, गेम खेळायच्या मशीनला असतात तसली, आत छोटा सर्किट बोर्ड. बटण दाबलं की एकच सिग्नल जातो, कितीही वेळ धरलं तरी दुसरा जात नाही, आणि सोडल्यावरही ८०० मिलिसेकंद तो काही ऐकत नाही. म्हणजे तुमचा आणि वैशालीताईंचा, दोन्ही बिघाड बंद. चालते, पण बॅटरी दहा दिवसांत उतरते. बोर्डाला झोपवायचं जमलं की इथेच लिहितो.

अनिकेत_डोंबिवली

दादा, ती डबी झाली तर मलाही सांगा. आणि केदार, आवाजावर सगळं सोपवलं की काकांना बोटाने काही करायची सवयच जाणार नाही का?

केदार_पर्वरी

जाईलही. मी साधा रिमोट त्यांच्या हाताशी ठेवलाय, वीज गेली की तोच लागतो. पण काका स्वतः म्हणतात, पाहुण्यांसमोर त्या स्पीकरला हाक मारायला त्यांना आवडत नाही. कोणी आलं की गप्प बसतात आणि मला खुणावतात. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

वैशाली_मिरज

तेरा दिवसांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पाट ठेवायला जागा शोधत होतो तेव्हा आईनेच सांगितलं, माझं मशीनचं टेबल घ्या. चार वर्षं त्यावर कपडे रचून ठेवले होते. ते टीव्हीसमोर आठ फुटांवर आणलं. उंची बरोबर निघाली, कारण तिच्याच कोपराच्या मापाने बाबांनी त्याचे पाय कापून घेतले होते. रिमोट वेल्क्रोने चिकटवला आणि काहीच चालेना. आधी वाटलं सेल गेले. मग लक्षात आलं, आडवा ठेवल्यावर रिमोटचं तोंड बॉक्सकडे नाही, खालच्या कपाटाकडे जातंय. दादाने पुढच्या बाजूखाली इंचभर जाड लाकडी पाचर सरकवली, तेव्हा लागला. रेणुकाताई, हे कोणी आडवा रिमोट बसवत असेल तर सांगा.

आवडीची यादी आमच्या बॉक्समध्ये आहे आणि चॅनलचं बटण त्यातच फिरतं. पाच चॅनल घातले. पट्टी आधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची केली. आईने हात फिरवून बघितली आणि म्हणाली, भोकाची कड धारदार आहे, तिथे गोट लाव. वहिनीने भोकांच्या कडेला बायस पट्टी चिकटवली. त्यामुळे बोट खरंच चांगलं अडकतं. अ‍ॅक्रिलिकची कापून आणली आहे, पण तिला ही पुठ्ठ्याचीच बरी वाटते, गार लागत नाही म्हणे. पुठ्ठा मळेल तेव्हा बघू.

काल पुन्हा वीस वेळा मोजलं. १६ बरोबर, ४ वेळा दोनदा, शेजारचं एकदाही नाही. दोनदा लागलं तेव्हा ती न बोलता मागेचं बटण दाबून परत आली.

मोबाइलवर हिंदीची चाचणीही घेतली. सकाळी दहातून नऊ, संध्याकाळी सहा. संध्याकाळी तिचा आवाज कापतो हे मला आजवर कळलंच नव्हतं, फोनवर मी ते दमणं समजत होते. डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगणार आहे. स्पीकर सध्या नको असं आईनेच ठरवलं.

एक अडलंय. चालू-बंदचं बटण दोनदा लागलं की टीव्ही चालू होऊन लगेच बंद होतो, आणि मग तिला कळत नाही की पुन्हा दाबायचं की थांबायचं. बाकी चारांना दोनदा लागलेलं चालतं, याला चालत नाही. तूर्त वहिनी सकाळी टीव्ही चालू करून जाते आणि आई फक्त आवाज शून्यावर नेते. तारवालादादा, तुमच्या डबीत फक्त एवढं एकच बटण करून मिळेल का? बॅटरी दहा दिवसांची असली तरी चालेल, दादा रविवारी बदलेल.

तारवाला

एका बटणाची तर आजच होईल. बॅटरीऐवजी मोबाइलच्या चार्जरवर चालवतो, टेबल कुठे हलणार नाही ना? आईच्या टीव्हीचा मूळ रिमोट दोन दिवस पाठवा, किंवा कोल्हापूरला येणार असाल तर घेऊन या. बॉक्सचा नको, टीव्हीचा.